‘लक्षात आले’

बसा इथं, या पोत्यावर नको, ओलं आहे, त्या फळीवर बसा. स्लॅब उशिरा का टाकला म्हणून एका बाईला मी पत्र लिहिलं, त्याची गोष्ट सांगतो. गोष्ट पावसाची वाटेल. पण त्यात खरी जळजळ माझी आहे. ती मी लपवत नाही, कारण माझ्या घरात सगळ्यांना माहीतच आहे.

मला एक साडू आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही ठेकेदार. मी सेंट्रिंगच्या फळ्या उचलत उचलत ठेकेदार झालो, हा दोन वर्षं कुठं तरी कोर्स करून आला आणि पहिल्याच दिवशी डोक्यावर पांढरं हेल्मेट घालून साइटवर उभा राहिला. मी त्याला हेल्मेटच म्हणतो. सासरी त्याला ‘इंजिनीअरसाहेब’ म्हणतात. मला काय म्हणतात? ‘आलात का?’

तर त्या वर्षी नशीब असं, की माझं काम एका प्लॉटवर आणि हेल्मेटचं काम लगतच्याच प्लॉटवर. मध्ये कमरेएवढी भिंत. मी चहा प्यायला तरी त्याला दिसायचं आणि त्यानं फोन काढला तरी मला. त्याच्याकडं हिरवी रेघ मारणारं यंत्र, भिंतीवर रेघ उमटली की लेव्हल कळते. माझ्याकडं पाण्याची नळी, पारदर्शक, वीस वर्षांची, दोन ठिकाणी जोडलेली. नळी खोटं बोलत नाही. पण हिरव्या रेघेकडं बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची, नळीकडं कोण थांबतंय?

आणि मला काम दिलं होतं आवक-जावक बाईंनी. नाव असणारच त्यांना, पण आम्ही सगळे तेच म्हणायचो. उभी नोकरी एका मोठ्या ऑफिसात, येणारा कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा. निवृत्त झाल्या आणि घर बांधायला घेतलं. घर निम्मं त्यांचं, निम्मं त्यांच्या भावाचं. भाऊ लांब राहायचा आणि लांबून सगळ्यांवर संशय घ्यायचा. बाईंचं एकच, “ठेकेदार, तोंडी काही सांगू नका. लेखी द्या.” वीट बदलली, लेखी. खिडकी चार बोटं सरकवली, लेखी. मी सातवीत शाळा सोडली ती लिहायला लागू नये म्हणून, आणि म्हातारपणी ही बाई नशिबी आली.

आमचे दोघांचे स्लॅब एकाच दिवशी ठरले. गुरुवारी. मी मुद्दाम ठरवला असं नाही. ठरवला, बरं, मुद्दामच ठरवला. त्यानं गुरुवार म्हटल्यावर मी शुक्रवार कसा म्हणणार?

बुधवारी रात्री पाऊस कोसळला. अवेळी, कुणाला विचारून नाही. सकाळी सहाला साइटवर गेलो तर काय बघतो, हेल्मेटच्या स्लॅबवर निळं कोरं प्लास्टिक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कडेनं विटा ठेवून दाबलेलं. दोन माणसांनी ते पाण्यासकट एका बाजूला ओढलं आणि खालच्या साच्याच्या प्लेटा अशा कोरड्या, की जेवायला बसावं. माझ्या स्लॅबवर जुन्या जाहिरातीचे फ्लेक्स, शिवलेले, आणि मधून उडालेले. एका फ्लेक्सवरची बाई दात काढून माझ्याकडं बघून हसत होती. बीमच्या पोटात वीतभर पाणी. सळ्यांवर चिखलाचे शिंतोडे.

पाऊस पहाटेच थांबला होता. नऊला त्याचा मिक्सर सुरू झाला. तो आवाज, सांगतो तुम्हाला, माझ्या छातीत फिरत होता.

मी ओरडलो माझ्या माणसांवर, “पुसा! पोती घ्या, फडकी घ्या, पाणी काढा. अकराला माल वर गेला पाहिजे!” माझा मुकादम म्हणाला, “मालक, बीम नीट धुवायला अख्खा दिवस लागेल.” मी म्हटलं, “तुला पगार धुवायचा मिळतो का टाकायचा?” असं बोललो मी. आता लाज वाटते. तेव्हा फक्त मिक्सर ऐकू येत होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक. “दादा!” मी वयानं मोठा, म्हणून तो मला दादा म्हणतो. ते ‘दादा’सुद्धा मला टोचतं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

“दादा, आज टाकू नका. तुमच्या त्या मागच्या कोपऱ्यात मागच्या महिन्यात भराव घातलात ना? रात्री माझ्याकडचं पाणी सगळं वळून तिकडंच गेलंय. टेकू एकदा बघा.”

माझं डोकं सणकलं. म्हटलं, बघा हा! स्वतः टाकतोय आणि मला म्हणतो टाकू नका. बाई दुपारी येणार, याचा झालेला बघणार, माझा राहिलेला बघणार. मी म्हटलं, “तुम्ही तुमच्या स्लॅबकडं बघा, इंजिनीअरसाहेब. माझे टेकू काल लावलेत, आज म्हातारे नाही झाले.”

त्यानं हेल्मेट जरा मागं सरकवलं आणि गेला. तो गेला तेही मला आवडलं नाही.

मग मी नळी काढली. खरं सांगू का, टेकू तपासायला नाही काढली. त्याला खोटं पाडायला काढली. एक टोक मुकादमानं दाराजवळच्या खांबावरच्या खुणेला धरलं, दुसरं मी घेऊन मागच्या कोपऱ्यात गेलो. पाणी हललं, हललं, थांबलं. खूण केली. बीमच्या तळाशी माप लावलं. परत लावलं. नळीत बुडबुडा अडकलाय का म्हणून झटकून पुन्हा लावलं.

चार सूत. अर्धा इंच. अख्खा कोपरा चार सूत खाली बसला होता. रिकामा असताना.

खाली वाकून बघितलं तर टेकूंच्या बुडाशी फळी नाही, विटांचे तुकडे. माझ्याच माणसांनी फळ्या कमी पडल्या म्हणून तुकडे सारले होते, आणि मी बघितलं नव्हतं, कारण मी भिंतीपलीकडं बघत होतो. तुकडे भिजलेल्या भरावात असे रुतले होते, जसं लोण्यात बोट. त्याच्यावर ओलं काँक्रीट पडलं असतं, त्याचं ते ओझं, तर कोपरा तिथं थांबला नसता. वर माणसं असती. माझी माणसं.

मी नळी गुंडाळली. म्हटलं, “मिक्सर परत पाठव. गँगला घरी सोड.” मुकादम काही विचारायला गेला आणि माझं तोंड बघून गँगकडं वळला.

बाई बाराला आल्या. एकीकडं हेल्मेटचा स्लॅब रंगात, व्हायब्रेटर गुरगुरतोय, माणसं थापीनं लेव्हल करतायत. दुसरीकडं माझी साइट, म्हणजे सुट्टीतली शाळा. बाईंनी छत्री मिटली.

“ठेकेदार, पाऊस फक्त आपल्याच प्लॉटवर पडला का?”

“नाही बाई, टेकू बसले.”

“बसले? मग उठवा त्यांना!”

“तसं नाही हो. खाली गेले. जमीन भिजली ना...”

“तोंडी नको,” बाई म्हणाल्या. “सोमवारी माझा भाऊ येतोय. त्याचं म्हणणं, उरलेलं काम शेजारच्यांना द्यावं. मी म्हटलं, आधी कारण लेखी येऊ दे. सोमवारी सकाळपर्यंत पत्र पाहिजे. पावसामुळं काय झालं आणि पुढं काय काळजी घेतली, दोन्ही. नाही आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

म्हणजे कळलं ना? पत्र नीट नसेल तर माझं काम जाणार. आणि जाणार कुणाकडं? हेल्मेटकडं. भिंत पाडायची, दोन्ही प्लॉट त्याचे. आणि सासरी पुन्हा ‘आलात का?’

शुक्रवार-शनिवार आम्ही राबलो. विटांचे तुकडे काढून फेकले. कोपऱ्यातला चिखल उकरला, मुरूम घालून ठोकला, त्यावर जाड फळ्या आडव्या, मग टेकू, मग पाचरी मारून कोपरा नळीच्या खुणेला वर आणला. टेकू वाढवले, तिरप्या दांड्यांनी एकमेकांना बांधले. तो एक कोपराच नाही, सगळे टेकू काढून बघितले बुडाशी. म्हणजे एकेक करून, सगळे एकदम नाही, हसू नका.

रविवारी बायकोला बसवलं पत्र लिहायला. तिचं अक्षर मोत्यासारखं, माझं कोंबडीच्या पायासारखं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. चार पानं झाली. मग तिनं पेन ठेवलं.

“अहो, हे पत्र स्लॅबचं आहे का भाऊजींचं?”

“का?”

“यात ‘शेजारी’ अकरा वेळा आलंय. पाऊस दोनदा.”

“मग? त्याच्यामुळंच तर...”

“त्यांच्यामुळं पाऊस पडला?” तिनं चारही पानं फाडली. अशी शांतपणे फाडली, जशी मेथी निवडावी. “आता सांगा. काय झालं, काय केलं. शेजारी एकदाही नाही.”

मग झालं ते पत्र असं. पाठ आहे मला, ऐका.

‘सौ. बाईंना, नमस्कार वि. वि. बुधवारी रात्रीच्या पावसामुळे गुरुवारचा स्लॅब टाकता आला नाही. बीमच्या तळाला पाणी व चिखल साचला होता. तसेच मागच्या कोपऱ्यातील भराव भिजून टेकू चार सूत खाली बसल्याचे लक्षात आले. त्यावर काँक्रीट टाकणे धोक्याचे असल्याने काम थांबवले. टेकूंखाली विटांचे तुकडे होते, ही आमची चूक आहे. आता सर्व टेकूंखाली फळ्या घातल्या असून कोपरा लेव्हलला आणला आहे. बीमच्या बाजूची एक फळी उघडून पाणी काढले, चिखल धुतला, मग फळी बंद केली. सळ्यांचा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढला. खालचे ठोकळे, ज्यांमुळे सळई प्लेटला टेकत नाही, ते हलले होते, ते पुन्हा बसवले. प्लेटांना तेल पुन्हा लावले नाही, कारण आता लावले तर सळईला लागेल व काँक्रीट सळईला धरणार नाही. सिमेंटच्या तीन पोत्यांत गाठी झाल्या, ती बाजूला काढली, स्लॅबला वापरणार नाही. वाळू भिजलेली असल्याने मिक्सरमध्ये पाणी तेवढे कमी घालू. नवीन प्लास्टिक आणले आहे, पूर्ण स्लॅब झाकेल एवढे. टाकताना पाऊस आलाच तर कुठेही मध्येच सोडणार नाही. खोलीच्या मध्याजवळ फळी उभी करून सरळ सांधा करू, बीमजवळ करणार नाही. नंतर चौदा दिवस स्लॅबवर बारीक बांधांची आळी करून पाणी ठेवू. एकवीस दिवसांच्या आत एकही टेकू काढणार नाही. आपला, ठेकेदार.’

बायकोनं वाचून दाखवलं. मला बरं वाटलं. मोठ्या माणसाचं पत्र वाटत होतं. ती मात्र पेन हलवत बसली.

“‘लक्षात आले’ लिहिलंय. कुणाच्या लक्षात आलं?”

मी तिला भिंतीपलीकडची हाक सांगितली नव्हती. पण दोघी बहिणी दिवसातून तीनदा फोनवर असतात, माझ्या साइटवर चिमणी बसली तरी सासरी कळतं.

“पत्रात असंच लिहितात,” मी म्हटलं. “सगळ्या सरकारी कागदावर असंच असतं. लक्षात आले. आढळून आले. निदर्शनास आले. आपोआप येतं ते.”

“हं,” ती म्हणाली. मी सही केली.

सोमवारी सकाळी बाईंकडं. समोर भाऊ बसलेला, हाताची घडी. बाईंनी पत्र घेतलं, तारीख टाकली, नंबर टाकला, मग लाल पेन्सिल घेऊन मोठ्यानं वाचायला लागल्या. वाचता वाचता प्रत्येक ओळीखाली पेन्सिल सरकत होती. ‘ही आमची चूक आहे’ला भावानं भुवई उडवली. ‘खाली बसल्याचे लक्षात आले’ला पेन्सिल थांबली.

“कुणाच्या?”

बाईंनी पेन्सिलीनं ते शब्द ठोकले.

“ठेकेदार, चौतीस वर्षं मी ‘लक्षात आले’ नोंदवलं. ज्या कागदावर ‘लक्षात आले’ असतं, त्यामागं कुणीतरी लपलेलं असतं. कुणाच्या लक्षात आलं?”

एक शब्द बोलायचा होता. ‘माझ्या.’ नळी मी लावली होती, माप मी घेतलं होतं, खोटंही नव्हतं फारसं. भाऊ माझ्याकडं बघत होता. आणि मला तो मिक्सर ऐकू यायला लागला, आणि माझीच माणसं, त्या कोपऱ्यावर उभी, माझ्या ओरडण्यामुळं घाई करणारी.

“शेजारच्याच्या,” मी म्हटलं. दाताखाली खडा यावा तसं बोललो. “तो साडू आहे माझा. त्यानं हाक मारून सांगितलं. मी आधी ऐकलं नाही. मग बघितलं, तर खरं निघालं.”

भाऊ लगेच पुढं सरकला. “बघ ताई! मी म्हणत होतो ना, त्यांनाच काम...”

बाईंनी हात वर केला. फाइलमधून दुसरा कागद काढला. छापील लेटरहेड, वर निळं चित्र. हेल्मेटचंच. बाईंनी त्याला शनिवारीच विचारलं होतं, उरलेलं काम घ्याल का, लेखी कळवा. त्यानं लेखी कळवलं होतं. बाई वाचायला लागल्या.

‘...सदर काम घेणे आवश्यक वाटत नाही. कोपऱ्यातील टेकू खचल्याची बाब आपल्या ठेकेदारांनी स्वतः नळीने तपासून वेळीच काम थांबवले, हे मी भिंतीपलीकडून पाहिले आहे. असा ठेकेदार बदलू नये.’

स्वतः! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी लेखी शाबासकी दिली, आणि तीही त्या माणसानं, आणि तीही खोटी!

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “दोघांतला एक खोटं बोलतोय,” त्या भावाला म्हणाल्या, “आणि तो आपला ठेकेदार नाही. त्यांचा शेजारीही काम नको म्हणतोय. मग आता बदलायचं कशाला?” भाऊ घडी घालून पुन्हा मागं टेकला. मग बाई माझ्याकडं वळल्या. “काम तुमचंच. पण पत्र दुरुस्त करा. ‘लक्षात आले’ चालणार नाही. कर्ता पाहिजे.”

मी तिथंच, त्यांच्या टेबलावर, माझ्या कोंबडीच्या पायांनी लिहिलं, ‘...खाली बसल्याचे शेजारील ठेकेदार, जे आमचे साडू आहेत, त्यांच्या लक्षात आले व त्यांनी आम्हास सांगितले.’ बाईंनी वाचलं, बारीक शिक्का मारला. एक प्रत मला.

मंगळवारी उघडीप होती. स्लॅब टाकला. पाऊस आला नाही, सांधा करावा लागला नाही, कोपरा एक सूतही हलला नाही, संध्याकाळी नळीनं तपासलं. हेल्मेट भिंतीवर हात टेकून बघत होता. मी त्याला म्हटलं, “खोटं का लिहिलंस रे?” तो म्हणाला, “दादा, नळी तुम्हीच लावली ना?” आणि हसला. मला वाटलं, भिंतीवरून उडी मारून हेल्मेट काढावं त्याचं आणि... जाऊ द्या. चहा दिला त्याला.

इथंच संपलं असतं तर बरं. पण माझी प्रत मी घरी नेली ना. बायकोनं वाचली, डोळे पुसले, आणि बहिणीला फोटो पाठवला. बहिणीनं सासऱ्यांना. पुढच्या वेळी सासरी गेलो तर सासरे चष्मा लावून फोनवर वाचत बसलेले, माझ्याच अक्षरातली ती ओळ, खाली माझीच सही. मला बघून म्हणाले, “आलात का? या. हे बघा, तुम्हीसुद्धा लेखी कबूल केलंत. मी काय म्हणत होतो?”

म्हणजे माझं काम राहिलं ते त्याच्या खोट्यामुळं आणि त्याची अब्रू वाढली ती माझ्या खऱ्यामुळं. हिशेब कुठं मांडायचा सांगा.

बरं, तुम्ही जाताना त्या रस्त्यानंच जाणार ना, तो निळ्या गॅलरीचा बंगला लागतो, तो हेल्मेटनंच बांधलेला. गुरुवारी टाकलेला स्लॅब. एक काम करा. गेटजवळ जरा थांबा, चप्पल नीट करताय असं दाखवा, आणि गॅलरीच्या खालून वर बघा. एखादी बारीक चीर, ओलीचा डाग, काही दिसलं तर परत येऊन मला सांगा. नाही दिसलं तरी या. पण त्याला मात्र मी पाठवलंय म्हणून सांगू नका.